हे मॉडेल काय सांगू शकत नाही

ज्युनिअर अ‍ॅनालिस्टच्या जागेसाठी येणारी कव्हर लेटर्स एकापाठोपाठ एक वाचायला घेतली, की थोड्याच वेळात ती एकाच हाताने लिहिल्यासारखी वाटू लागतात. डेटाची आवड आहे, एक्सेल, एसक्यूएल आणि पायथन येतं, रिग्रेशनचे दोन प्रोजेक्ट केले, ‘९५ टक्के अचूकता’ मिळवली, संधी दिलीत तर सोनं करीन. यातलं शेवटून दुसरं वाक्य उमेदवाराला सगळ्यात भारी वाटतं, आणि नेमकं तिथेच जाणकार वाचणारा थांबतो. रिग्रेशनमध्ये आपण ‘हो की नाही’ असं उत्तर देत नसतो, एक आकडा सांगत असतो. चूक होते ती अमुक रुपयांची, अमुक क्विंटलची किंवा अमुक फेऱ्यांची. तिथे ‘९५ टक्के अचूक’ म्हणजे नेमकं काय, हे लिहिणाऱ्यालाही बहुतेक वेळा सांगता येत नाही.

उलट, ज्या पत्रात ‘माझ्या मॉडेलला एवढं दिसलं आणि एवढं दिसू शकलं नाही’ असं नेमकेपणाने लिहिलेलं असतं, ते पत्र बाजूला काढलं जातं. उमेदवाराचा प्रांजळपणा आवडतो हे एक झालं. पण मोठं कारण वेगळं आहे. मॉडेलला काय दिसलं नाही, हे सांगायला डेटाच्या तळापर्यंत उतरावं लागतं. प्रोजेक्टचा कोड दुसऱ्याचा उचलता येतो, मर्यादा मात्र स्वतः शोधाव्या लागतात.

हे उदाहरणाने पाहू. समजा, नाशिकची एक मुलगी आहे. संख्याशास्त्रात बी.एस्सी. झालेली, नोकरीचा अनुभव नाही. पुण्यातल्या एका कंपनीत ज्युनिअर अ‍ॅनालिस्टची जागा निघाली आहे आणि तिला पत्र लिहायचं आहे. प्रत्यक्षात पत्र इंग्रजीत जाईल, पण विचार कुठल्याही भाषेत तोच राहतो. तिच्या हाताशी दोन प्रोजेक्ट आहेत. पहिला भाड्याच्या सायकलींचा, जो डेटा शिकणारी जगभरची मुलं वापरतात. दुसरा लासलगावच्या कांद्याचा, जो तिच्या घराजवळचा आहे.

सायकलींचा डेटा अमेरिकेतल्या वॉशिंग्टन शहराचा. तिथे सप्टेंबर २०१० मध्ये ‘कॅपिटल बाइकशेअर’ ही सेवा सुरू झाली. स्टँडवरून सायकल घ्यायची आणि दुसऱ्या कुठल्याही स्टँडवर सोडायची. या सेवेच्या २०११ आणि २०१२ या दोन वर्षांच्या नोंदी अभ्यासासाठी खुल्या आहेत. रोजच्या फाइलमध्ये ७३१ दिवसांच्या ७३१ ओळी. प्रत्येक ओळीत त्या दिवशीचं तापमान, दमटपणा, वारा, हवामानाचा गट, सुट्टी होती का, आणि शेवटी एकूण फेऱ्या. काम असं, की हवामान आणि वार पाहून फेऱ्यांचा अंदाज बांधायचा. रिग्रेशन म्हणजे तरी काय, तर आलेखावरच्या विखुरलेल्या ठिपक्यांमधून अशी एक रेषा काढायची, की ठिपक्यांपासूनच्या अंतरांचे वर्ग करून बेरीज केली तर ती कमीत कमी यावी. त्या रेषेचा चढ सांगतो, की तापमान इतकं जास्त असलं की फेऱ्या सरासरी किती जास्त दिसतात.

या डेटात पहिला खड्डा अगदी दारातच आहे. एकूण फेऱ्यांचा स्तंभ `cnt`. त्याच्या आधी आणखी दोन स्तंभ आहेत, अधूनमधून येणाऱ्यांच्या फेऱ्या `casual` आणि सभासदांच्या फेऱ्या `registered`. आता हे पाहा:

```
casual + registered = cnt
```

नवशिक्या माणूस सगळे स्तंभ मॉडेलला देऊन टाकतो आणि आर-स्क्वेअर बरोबर १ येतो. आर-स्क्वेअर म्हणजे उत्तरातल्या चढउताराचा किती भाग मॉडेलने पकडला त्याचं माप, ० म्हणजे काहीच नाही आणि १ म्हणजे सगळा. तो १ आला की आनंद होतो, पण मॉडेल इथे काहीच शिकलेलं नसतं. उत्तराचेच दोन तुकडे त्याच्या हातात दिलेले असतात आणि ते फक्त बेरीज करतं. उद्या सकाळी किती फेऱ्या होतील हे विचारलं, तर उद्याच्या सभासदांच्या फेऱ्या आधी कोण सांगणार? या प्रकाराला ‘लीकेज’ म्हणतात. आपल्या पत्रात ‘हे दोन स्तंभ मी वगळले, कारण त्यांची बेरीज हेच उत्तर आहे’ एवढं जरी आलं, तरी वाचणाऱ्याला कळतं की या मुलीने स्तंभ उघडून पाहिलेत.

मग उरतं ते खरं काम. फक्त तापमान घेतलं तर आर-स्क्वेअर ०.३९ येतो. फेऱ्यांमधल्या चढउताराचा जेमतेम ३९ टक्के भाग तापमानाशी जुळतो, बाकीचा मोठा भाग दुसऱ्या कशाकशाचा आहे. ऐकायला हा आकडा लहान वाटतो, पण एकट्या तापमानावर एवढा अंदाज येणं ही चांगलीच गोष्ट आहे, आणि ती तशीच लिहावी. रेषेचा चढ येतो सुमारे ६,६४०. आता याचा अर्थ लावताना दुसरा खड्डा येतो. फाइलमध्ये तापमान अंशांत दिलेलंच नाही, ते ० ते १ या पट्टीत बसवलेलं आहे. ते कसं बसवलं, याची दोन वर्णनं डेटासोबत फिरतात. एका वर्णनानुसार अंश सेल्सिअसला ४१ ने भागलं आहे. दुसऱ्यानुसार उणे ८ ते ३९ ही पट्टी ० ते १ केली आहे. पहिलं खरं मानलं तर एका अंशामागे १६२ फेऱ्या येतात, दुसरं मानलं तर १४१. कोणतं घ्यायचं?

हे डेटालाच विचारता येतं. दोन वर्षांतल्या सगळ्यात थंड दिवसाचा आकडा ०.०६ च्या आसपास आहे. ४१ ने गुणलं तर तो दिवस अडीच अंशांचा ठरतो, म्हणजे वॉशिंग्टनमध्ये दोन हिवाळ्यांत दिवसाचं सरासरी तापमान एकदाही शून्याखाली गेलं नाही असं मानावं लागेल. जानेवारीतल्या वॉशिंग्टनला हे शोभत नाही. दुसऱ्या पट्टीने मोजलं तर तोच दिवस उणे पाच अंशांचा निघतो आणि ते पटतं. म्हणून १४१. ही तपासणी दहा मिनिटांची आहे, पण ज्याने ती केली त्याला त्या गावचं हवामान आणि फाइलमधला आकडा एकमेकांसमोर धरून पाहायची सवय आहे. अ‍ॅनालिस्टच्या रोजच्या कामात हीच सवय लागते.

मॉडेलला दिसू शकत नाहीत अशा तीन गोष्टी या डेटात आहेत. पहिली, वाढीची. २०११ मध्ये दिवसाला सरासरी ३,४०६ फेऱ्या झाल्या, २०१२ मध्ये ५,६००. एवढी उडी हवामानाने येत नाही. मॉडेलमध्ये वर्षाचा स्तंभ घातला की आर-स्क्वेअर झटक्यात वर जातो, कारण ‘दुसरं वर्ष असेल तर सुमारे दोन हजार जास्त’ एवढं ते पाठ करतं. पण का जास्त? सेवा नवी होती, तिचा पसारा वाढत होता, लोकांना सवय लागत होती. यातल्या कशाचाही स्तंभ फाइलमध्ये नाही. वर्षाचा स्तंभ हे कारण नाही, कारणाच्या जागी लावलेली ती नुसती पाटी आहे. मग २०१३ मध्ये पुन्हा दोन हजार वाढतील का, या प्रश्नाला या मॉडेलकडे उत्तर नाही. दोन बिंदूंतून रेषा नेहमीच निघते, ती पुढे कुठे वळेल हे दोन बिंदू सांगत नाहीत.

यातच परीक्षेची एक मेख आहे. मॉडेल तपासताना बरेच जण ७३१ ओळी पिसून काही शिकवायला आणि काही तपासायला ठेवतात. असं केलं की दोन्ही वर्षांचे दिवस दोन्हीकडे जातात आणि निकाल छान येतो. तेच २०११ वर शिकवून २०१२ वर तपासलं, तर मॉडेल जवळपास रोज कमी सांगतं, कारण वाढ त्याने पाहिलेलीच नसते. कामावर मात्र अंदाज नेहमी पुढच्या दिवसांचाच द्यावा लागतो. म्हणून दुसरी परीक्षा खरी. तिचा निकाल वाईट आला तरी पत्रात तोच लिहावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट पावसाची. हवामानाचे चार गट केले आहेत. स्वच्छ, धुकट किंवा ढगाळ, हलका पाऊस किंवा बर्फ, आणि चौथा जोरदार पाऊस-वादळाचा. रोजच्या फाइलमध्ये चौथ्या गटात एकही दिवस नाही. तिसऱ्यात अवघे २१ आहेत. आणि त्या २१ दिवसांत २९ ऑक्टोबर २०१२ हा दिवस आहे, सँडी वादळाचा. त्या दिवशी अख्ख्या शहरात २२ फेऱ्यांची नोंद आहे, त्यातल्या २० सभासदांच्या. फाइलच्या हिशेबी हा ‘हलका पाऊस’. तिसऱ्या गटाची सरासरी १,८०३ फेऱ्या येते, तो एक दिवस बाजूला ठेवला तर १,८९२. एका दिवसाने सरासरी जवळजवळ नव्वदने हलते. पावसात सायकली किती कमी फिरतात हे मॉडेल सांगेलच, पण ते सांगणं २१ दिवसांच्या खांद्यावर उभं आहे. खऱ्या वादळी दिवसाबद्दल तर त्याला काही म्हणायचा अधिकारच नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण ती फाइलमध्ये कुठेच खटकत नाही. `cnt` मध्ये झालेल्या फेऱ्या आहेत, हव्या असलेल्या फेऱ्या नाहीत. सकाळी ऑफिसच्या वेळी स्टँड रिकामा असेल तर माणूस येतो, पाहतो आणि बसने जातो. त्याची नोंद होत नाही. म्हणजे गर्दीच्या दिवशी खरी मागणी नोंदीपेक्षा जास्त असणार, आणि मॉडेल नेमकं त्याच दिवशी मागणी कमी दाखवणार. चूक कुठल्या बाजूला झुकलेली आहे हेही इथे सांगता येतं. कंपनीने या मॉडेलवरून सायकली किती घ्यायच्या हे ठरवलं, तर ती कमीच घेईल.

एवढं सगळं पत्रात मावणार नाही, आणि मावू नये. पत्रात येईल तो एक परिच्छेद, साधारण असा:

‘वॉशिंग्टनच्या भाड्याच्या सायकलींच्या २०११-१२ मधल्या ७३१ दिवसांच्या नोंदींवर मी रिग्रेशन केलं. एकूण फेऱ्यांचेच भाग असलेले दोन स्तंभ आधी वगळले. एकटं तापमान चढउताराचा सुमारे ३९ टक्के भाग पकडतं, एक अंश जास्त असलेल्या दिवशी सरासरी १४० च्या आसपास फेऱ्या जास्त दिसतात. दुसऱ्या वर्षी फेऱ्या खूप वाढल्या, पण त्याचं कारण या डेटात नाही, म्हणून २०१३ चा अंदाज मी दिलेला नाही. पावसाचा परिणाम फक्त २१ दिवसांवरून काढला आहे. नोंद झालेल्या फेऱ्या म्हणजे मागणी नव्हे, स्टँड केव्हा रिकामे होते याची नोंद मिळाली तर हा प्रश्न पुढे नेता येईल.’

यात ‘दिसतात’ हे क्रियापद जाणूनबुजून आलं आहे. ‘तापमान वाढल्याने फेऱ्या वाढतात’ असं लिहिलं असतं तर तो कारणाचा दावा झाला असता. उन्हाळ्यात दिवस मोठा असतो, पर्यटक असतात, मुलांना सुट्ट्या असतात. यातलं किती तापमानाचं आणि किती बाकीच्यांचं हे एकट्या तापमानाच्या रेषेतून वेगळं होत नाही. शेवटचं वाक्यही कामाचं आहे. मर्यादा सांगून थांबलं तर वाचणाऱ्याच्या हाती तक्रार पडते. कोणती नोंद मिळाली तर गाडी पुढे सरकेल हे सांगितलं, तर त्याला सोबत काम करणारा माणूस दिसतो.

दुसरा प्रोजेक्ट कांद्याचा. लासलगाव बाजार समितीचे रोजचे आकडे सरकारी संकेतस्थळावर मिळतात. आवक किती, किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर. प्रश्न सोपा वाटतो, की आवक वाढली की दर किती पडतो? आडव्या अक्षावर आवक, उभ्यावर दर, एक रेषा काढली की झालं. पण नाशिक जिल्ह्यात वाढलेल्या मुलीला या रेषेत काय चुकतंय हे पुस्तकाआधी घरूनच माहीत असतं. मार्च ते मेमध्ये काढलेला उन्हाळ कांदा शेतकरी चाळीत भरतो आणि दर पाहून बाहेर काढतो. दर चढला की गाड्या निघतात, पडला की चाळीचं दार बंद. म्हणजे आवक दराला हलवते आणि दरही आवकेला हलवतो. दोन्ही एकाच वेळी चालू असतं. रेषेच्या चढात हे दोन्ही जोर मिसळून जातात, आणि जो आकडा हाती येतो तो ना ग्राहकाच्या मागणीचा असतो ना शेतकऱ्याच्या निर्णयाचा. कधीकधी तर चढच उलटा येतो, आवक जास्त आणि दरही जास्त. तो पाहून डेटा खराब आहे असं ठरवू नये. डेटा ठीक आहे, प्रश्न एका रेषेला पेलणारा नाही.

अर्थशास्त्रात ही अडचण फार जुनी आहे. फिलिप राइट या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९२८ मध्ये तिच्यावर तोड सुचवली. फक्त एकाच बाजूला धक्का देणारं काहीतरी बाहेरून शोधायचं. समजा, पिकाच्या वेळी गारपीट झाली. गारपिटीने पुरवठा हलतो, शहरातल्या माणसाची भजी खायची इच्छा हलत नाही. मग तेवढ्यापुरता दर कसा बदलला ते पाहायचं. आपल्या उमेदवाराने हे केलेलं नसेल, तर तसं लिहावं. ज्युनिअर अ‍ॅनालिस्टकडून कुणी ही अपेक्षा ठेवत नाही. साध्या रेषेला हा प्रश्न सुटत नाही एवढं तिला कळलंय, हे दिसलं की पुरे.

कांद्यात आणखी एक गोष्ट आहे, आणि तीवरून मुलाखतीत हमखास प्रश्न येतो. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं आणि नाशिक जिल्ह्यात व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले. लिलाव नाही म्हणजे त्या दिवसांची आवक नाही, दर नाही, ओळच नाही. त्याच वर्षी डिसेंबरात निर्यातबंदी आली, ती मे २०२४ च्या सुरुवातीला उठली. मॉडेलच्या दृष्टीने हे सगळं बाहेरून आलेलं आहे. बंदीनंतर दर पडले ते आवकेमुळे नव्हे, पण बंदीचा स्तंभ घातला नसेल तर रेषा त्याचा दोष आवकेवरच ढकलेल. आणि लिलाव बंद असलेले दिवस? एक्सेलमध्ये आदल्या दिवशीचा आकडा खाली ओढून भरणं सोपं आहे. पण त्या दिवशी बाजारात दर नव्हताच. जिथे दर नव्हता तिथे दर लिहिला, तर मॉडेलला शांत बाजार दिसतो, आणि बाजार तर सगळ्यात जास्त पेटलेला तेव्हाच होता.

पत्रातला दुसरा परिच्छेद मग असा होईल:

‘लासलगावच्या कांद्याची आवक आणि सर्वसाधारण दर यांचा संबंध तपासला. लाल आणि उन्हाळ कांदा वेगळे ठेवले, कारण एक टिकतो आणि एक टिकत नाही. चाळीतला कांदा दर पाहून बाहेर येतो, त्यामुळे आवकेने दर किती पडतो हे साध्या रिग्रेशनने वेगळं काढता आलं नाही आणि तसा दावा मी केलेला नाही. निर्यातबंदीचा काळ वेगळा दाखवला आहे. लिलाव बंद असलेले दिवस रिकामेच ठेवले, मागचा दर पुढे भरलेला नाही.’

काही पत्रांत मर्यादांच्या नावाखाली दुसरंच काही येतं. ‘मी अजून शिकत आहे, मॉडेलमध्ये त्रुटी असतील, सांभाळून घ्यावे.’ हा विनय झाला, पण त्यात माहिती शून्य आहे. तसंच ‘सर्व मॉडेल्सना मर्यादा असतात’ हे वाक्य. ते कुठल्याही पत्रात चिकटवता येतं, म्हणून ते कुठेच कामाचं नाही. पारखायला सोपी खूण अशी, की मर्यादेच्या वाक्यातून डेटाचं नाव काढून टाका. वाक्य तरीही तसंच शाबूत राहत असेल, तर ते खोडा. ‘पावसाचा परिणाम २१ दिवसांवरून काढला आहे’ हे वाक्य दुसऱ्या कुणाच्या पत्रात जाऊच शकत नाही.

प्रमाणही सांभाळावं लागतं. एका पानाच्या पत्रात दोन प्रोजेक्ट, प्रत्येकाला पाच-सहा वाक्यं, त्यात काय सापडलं ते आधी आणि काय सापडलं नाही ते नंतर. फक्त मर्यादाच लिहिल्या तर वाचणारा विचारेल, मग केलं काय? ३९ टक्के हा शोध आहे, १४१ फेऱ्या हाही शोध आहे, ते संकोच न करता वर लिहायचे. मर्यादांतूनही निवड करायची. ज्या मर्यादेमुळे कुणाचा निर्णय चुकला असता तीच ठेवायची, म्हणजे सायकली कमी घेतल्या जाणं किंवा दर पडल्याचा दोष शेतकऱ्याच्या आवकेवर जाणं. बाकीच्या मुलाखतीसाठी राखायच्या. तिथे कुणी ‘वादळाचा दिवस काढून का नाही टाकलात?’ असं विचारलं, तर १,८०३ आणि १,८९२ हे दोन्ही आकडे तोंडपाठ असले पाहिजेत, आणि दोन्ही का दाखवले हेही सांगता आलं पाहिजे.